ट्रिपच्या लांबलचक ग्रुप चॅटचा सारांश कसा काढायचा: काय पक्कं झालं, काय नाकारलं, काय अजून बाकी आहे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोन महिने ग्रुपवर चर्चा चालते, शेकडो मेसेज होतात, आणि निघायच्या दहा दिवस आधी कोणीतरी विचारतं की अरे नक्की काय ठरलंय आपलं. मग ज्याच्याकडे थोडा पेशन्स आहे त्याच्यावर सारांश काढायचं काम येतं. हे पान त्याच्यासाठी आहे.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय म्हणजे गोंधळ होणार नाही. मुंबईतली तीन घरं, नऊ माणसं: आम्ही दादरचे चौघं, डोंबिवलीची ताई, भावोजी आणि त्यांचा मुलगा, आणि बोरिवलीचे काका-काकू. जायचंय मालवण-तारकर्लीला, 24 ते 26 जानेवारी 2026, शनिवार ते सोमवार. चॅट नोव्हेंबरपासूनचं आहे आणि सारांश काढायचाय 11 जानेवारीला.

सारांश म्हणजे चॅटमध्ये कोण काय म्हणालं ते थोडक्यात लिहायचं ना?

नाही, आणि बहुतेक सारांश इथेच फसतात. "काकांनी गाडीने जाऊ म्हटलं, ताईने ट्रेन सुचवली, मग हॉटेलवर चर्चा झाली" असं लिहिलं तर ते चॅटचंच छोटं रूप होतं, वाचणाऱ्याला त्यातून काहीच करता येत नाही. वाचणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात. कशाचे पैसे भरून झालेत आणि ते आता हलवता येणार नाही, कुठल्या गोष्टीवर पुन्हा डोकं लावायचं नाहीये, आणि कशावर त्याने स्वतः अजून उत्तर द्यायचंय. म्हणून सारांश माणसांप्रमाणे किंवा तारखांप्रमाणे न लिहिता मुद्द्यांप्रमाणे लिहायचा, म्हणजे जायची ट्रेन, यायची ट्रेन, राहणं, कुडाळहून मालवणला जाणं, किल्ला आणि स्कुबा, जेवण. प्रत्येक मुद्दा चॅटमध्ये शेवटी कुठे जाऊन थांबलाय ते शोधायचं आणि त्याला तीनपैकी एका कप्प्यात टाकायचं.

वाचायला सुरुवात कुठून करू, वरून की खालून?

मी आधी खालून वर वाचते. कारण ताज्या मेसेजमध्ये कुठल्या मुद्द्याची शेवटची अवस्था काय आहे ते पटकन कळतं, आणि जुन्या मेसेजमधल्या उत्साहाने मन भरकटत नाही. नोव्हेंबरमध्ये कोकणकन्या एक्सप्रेसवर तीस मेसेज असतील, पण डिसेंबरच्या सुरुवातीला "तुतारीचं काढलं" असा एक मेसेज आहे, तर ते तीस मेसेज एका ओळीत संपले. मग दुसऱ्यांदा वरून खाली वाचायचं, आणि यावेळी शोधायचं फक्त कारण. कोकणकन्या का सोडली, काकांची गाडी का नको झाली. नाकारलेल्या गोष्टींचं कारण नेहमी चॅटच्या मधल्या भागात सापडतं, शेवटी कोणी ते परत लिहीत नाही.

सर्चही वापरा पण एकाच शब्दावर थांबू नका. आपल्याकडे अर्धी माणसं देवनागरीत टाइप करतात आणि अर्धी इंग्रजी अक्षरात, त्यामुळे "ॲडव्हान्स" शोधलं की निम्मंच सापडतं. `advance`, `adv`, `pnr`, `nako`, `cancel`, `final` हे सगळं वेगवेगळं शोधावं लागतं. `final` वर तर फारच मेसेज येतात कारण प्रत्येक आठवड्यात काहीतरी फायनल झालेलं असतं.

चॅट एक्सपोर्ट करून वाचलं तर सोपं पडेल का?

वाचायला सोपं पडतं पण काय गळतं ते माहीत असू द्या. व्हॉट्सॲपवर ग्रुपच्या मेनूत `Export chat` आहे, तिथे `Without media` निवडलं की सगळे मेसेज एका टेक्स्ट फाइलमध्ये येतात. (ग्रुपला `Advanced chat privacy` चालू असेल तर एक्सपोर्ट होणारच नाही.) आता गळतं काय, तर तीन गोष्टी, आणि तिन्ही नेमक्या निर्णयाच्याच.

पहिली म्हणजे रिप्लाय. कोणी एखाद्या मेसेजला रिप्लाय करून "हो चालेल" लिहिलं असेल तर फाइलमध्ये फक्त "हो चालेल" येतं, ते कशाला होतं ते येत नाही. आमच्या उदाहरणात भावोजींचं "हो चालेल" हे फाइलमध्ये स्कुबाच्या मेसेजखाली दिसतं, पण मूळ चॅट उघडलं की कळतं ते होमस्टेच्या खोल्यांना होतं. दुसरी म्हणजे अंगठा आणि बाकीच्या रिॲक्शन, त्या फाइलमध्ये येतच नाहीत, म्हणजे ज्यांनी फक्त अंगठा दाखवून होकार दिला ते गप्प राहिले असं वाटतं. आणि तिसरी म्हणजे फोटो आणि व्हॉइस नोट, त्यांच्या जागी नुसतं `<Media omitted>` दिसतं. तिकिटाचा स्क्रीनशॉट, होमस्टेवाल्यांचा व्हॉइस मेसेज, पैसे पाठवल्याची पावती हे सगळं तिथेच असतं. म्हणून फाइलमध्ये निर्णयाच्या आसपास `<Media omitted>` दिसलं की फोनमध्ये त्याच तारखेला जाऊन ती गोष्ट बघायचीच.

अजून एक छोटं. एक्सपोर्टमधली तारीख कशी लिहिली जाईल ते फोनच्या सेटिंगवर असतं, त्यामुळे `12/01` म्हणजे 12 जानेवारी की 1 डिसेंबर हे दोन-चार मेसेज बघून आधी ठरवून घ्या.

कन्फर्म बुकिंग नक्की कशाला म्हणायचं? सगळे "डन" म्हणाले की झालं ना?

माझा नियम साधा आहे. समोरच्याकडून काहीतरी हातात आलं असेल तरच कन्फर्म. ट्रेनसाठी पीएनआर आणि त्यावर आजच्या तारखेला दिसणारं स्टेटस. राहण्यासाठी मालकाचा मेसेज, ज्यात तारखा, खोल्या आणि मिळालेला ॲडव्हान्स हे तिन्ही आहे. गाडीसाठी ड्रायव्हरचा होकार आणि ठरलेलं भाडं. आपल्याच ग्रुपमधल्या नऊ जणांनी "डन" लिहिलं तर एवढंच कळतं की आपल्यात भांडण नाहीये. बुकिंग झालंय हे त्यातून कळत नाही.

पैसे गेले म्हणजेही पुरेसं नाही. ताईने होमस्टेला 5000 रुपये यूपीआयने पाठवले आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, पण त्यातून फक्त पैसे गेल्याचं कळतं, कुठल्या तारखांसाठी गेले ते कळत नाही. कन्फर्म केव्हा झालं, तर दुसऱ्या दिवशी मालकांनी लिहिलं की 24 आणि 25 जानेवारी, दोन रात्री, तीन खोल्या, ॲडव्हान्स मिळाला. सारांशात त्या मेसेजची तारीख लिहा, म्हणजे कोणाला शंका आली तर शोधता येतं.

इथे रात्री मोजून लिहायचं कारण आहे. चॅटमध्ये सगळे "तीन दिवस" म्हणत होते. तीन दिवस म्हटलं की एखादा होमस्टेवाला दोन रात्री धरतो, एखादा तीन, आणि हिशेब एकदम बदलतो. खोलीचे 2500 धरले तर तीन खोल्या दोन रात्री म्हणजे 15000, पण तीन रात्री म्हणजे 22500. सारांशात "दिवस" हा शब्द राहण्याच्या ओळीत वापरूच नका.

"तिकिटं झाली" असा मेसेज आहे. मग ट्रेन कन्फर्ममध्ये टाकू ना?

आधी पीएनआर तपासा. तिकीट काढणं आणि तिकीट कन्फर्म असणं यात फार अंतर आहे, आणि हा पूर्ण सारांशातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

आयआरसीटीसीवर एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात, म्हणून नऊ जणांचे दोन पीएनआर झाले. पहिल्यावर आम्ही चौघं आणि काका-काकू, दुसऱ्यावर ताईचं कुटुंब. दोन्ही बाजूंचं धरून चार पीएनआर. ग्रुपवर ताईचा मेसेज एकच, "जायची यायची सगळ्यांची तिकिटं झाली," आणि खाली टाळ्या. आता 11 जानेवारीला चारही पीएनआर बघितले तर जातानाचे पहिले सहा कन्फर्म, दुसऱ्या पीएनआरवर एक कन्फर्म आणि दोन आरएसी. येताना पहिले सहा कन्फर्म आणि ताईचे तिघंही वेटिंगवर.

म्हणजे "तिकिटं झाली" या एका मेसेजचे सारांशात तीन तुकडे होतात. कन्फर्म असलेले सरळ पहिल्या कप्प्यात. आरएसीवालेही पहिल्याच कप्प्यात, कारण आरएसीवर प्रवास करता येतो, फक्त पूर्ण बर्थ मिळेल याची खात्री नसते, दोघांना साइड लोअरवर बसून जावं लागू शकतं. म्हणून त्याच ओळीत "बर्थ अजून नक्की नाही" लिहायचं. वेटिंगवाले मात्र तिसऱ्या कप्प्यात, बाकी निर्णयांमध्ये. ई-तिकिटावरचे सगळेच शेवटपर्यंत वेटिंगला राहिले तर चार्ट लागल्यावर तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात, पण माणसं कुडाळला स्टेशनवर उभी असतात. तिकिटाचे पैसे गेलेले आहेत म्हणून ते कन्फर्ममध्ये टाकलं तर या तिघांची यायची सोय कोणीच बघणार नाही.

शुक्रवारी रात्री निघतोय तर तारीख 23 लिहू की 24?

तिकिटावर जी आहे ती, आणि तुतारीच्या बाबतीत ती 24 आहे. तुतारी एक्सप्रेस, 11003, दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. आपण सगळे बोलताना "शुक्रवारी रात्रीची तुतारी" म्हणतो, घरातून निघतोही शुक्रवारी जेवून, पण गाडी सुटते तेव्हा शनिवार लागलेला असतो. चॅटमध्ये 23 आणि 24 दोन्ही तारखा सापडतील आणि दोन्ही लिहिणारे आपापल्या जागी बरोबर असतात. सारांशात असं लिहा: तिकिटाची तारीख शनिवार 24 जानेवारी, दादर रात्री 12:05, घरातून निघायचं शुक्रवारी 23 ला रात्री. एवढं लांब लिहिलेलं चालतं. कोणी 24 वाचून शनिवारी रात्री स्टेशनवर आलं तर गाडी जाऊन चोवीस तास झालेले असतील.

हाच फरक रिझर्व्हेशन उघडण्याच्या दिवसालाही लागतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून ॲडव्हान्स बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. त्यामुळे 24 जानेवारीच्या तुतारीचं बुकिंग 25 नोव्हेंबरला उघडलं, आणि 23 तारखेच्या कोकणकन्याचं 24 नोव्हेंबरला. चॅटमध्ये "उद्या बुकिंग उघडतंय" असा मेसेज दिसला तर तो कुठल्या गाडीबद्दल आहे ते यावरून ओळखता येतं.

ताई ठाण्याला चढणार आहे, ते सारांशात लिहायचं का?

लिहायलाच हवं, कारण ते तिकिटावर वेगळं आहे. तिकीट दादरहून काढलंय पण डोंबिवलीहून आलेल्या माणसाला ठाणं सोयीचं, म्हणून चॅटमध्ये ताई सहज लिहून गेली की आम्ही ठाण्याला चढू. हा वाटतो साधा उल्लेख, पण बोर्डिंग स्टेशन न बदलता दादरला बर्थ रिकामा राहिला तर टीसी तो दुसऱ्याला देऊ शकतो. तिचा पीएनआर वेगळा असल्यामुळे तेवढ्यापुरतं बोर्डिंग ठाणे करून घेता येतं, पण एकदा बदललं की मग दादरला चढायचा हक्क राहत नाही. म्हणून हे बाकी निर्णयांमध्ये जाईल, ताईच्या नावावर, आणि चार्ट लागायच्या कितीतरी आधीची तारीख टाकून.

असे सहज केलेले उल्लेख शोधायला वेळ द्या. ज्यावर चर्चाच झाली नाही ते निर्णय चॅटमध्ये सगळ्यात सहज सुटतात. काकूंनी एकदा लिहिलंय "मला सोमवार आहे" आणि त्यावर कोणाचंच उत्तर नाही. 26 जानेवारी सोमवारच आहे, म्हणजे त्या दिवशी त्यांचा उपास, आणि होमस्टेवाल्यांना दुपारच्या जेवणात माशांचं ताट सगळ्यांसाठी सांगितलेलं आहे. हीही बाकी निर्णयातली एक ओळ.

नाकारलेल्या गोष्टी कशाला लिहायच्या? झालं गेलं की.

कारण त्या परत येतात. काकांची गाडी आमच्या चॅटमध्ये तीन वेळा वर आली, दर वेळी पहिल्यापासून चर्चा झाली. सारांशात कारणासकट एक ओळ असती तर दुसऱ्यांदाच थांबली असती.

नुसतं "गाडी नको" असं लिहू नका. ते वाचून काकांना वाटणार की आपल्याला डावललं. कारण लिहा, आणि ते कारण कशा प्रकारचं आहे तेही. काही कारणं बदलत नाहीत: नऊ जण एका गाडीत मावत नाहीत, दुसरी गाडी चालवायला कोणी तयार नाही, आणि रात्रभर ड्रायव्हिंग काकांच्या पाठीला झेपणार नाही हे काकूंनीच सांगितलं. हा विषय संपला. काही कारणं मात्र त्या दिवसापुरती असतात. कोकणकन्या सोडली ती बघितली तेव्हा वेटिंग होतं म्हणून. एमटीडीसीचं तारकर्लीचं रिसॉर्ट सोडलं ते तीन खोल्या एकत्र मिळत नव्हत्या म्हणून. विमान सोडलं ते नऊ जणांच्या भाड्यामुळे. अशा ओळीपुढे "जागा मिळाली तरी आता नको, ॲडव्हान्स दिलाय" किंवा "फक्त ताईच्या परतीसाठी पुन्हा बघता येईल" असं स्पष्ट लिहावं. कोकणकन्या जाताना नाकारलेली आहे पण 26 च्या परतीसाठी ताईला उपयोगी पडू शकते, म्हणजे एकच गाडी एका कप्प्यात बंद आहे आणि दुसऱ्यात उघडी.

विमानाच्या ओळीत विमानतळही लिहा. चॅटमध्ये नुसतं "गोवा फ्लाइट" आहे, पण गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळी `GOI` आणि मोपा `GOX`, आणि मालवणच्या दृष्टीने मोपा बराच जवळचा. कोणी पुढे भाडं बघून "अरे स्वस्त आहे की" म्हणालं तर तो कुठलं बघतोय ते आधी विचारता येतं.

कोणीच "नको" म्हटलं नाही, विषय आपोआप विरून गेला. तो कुठे टाकू?

याचं उत्तर एकच नाही. गणपतीपुळ्याला एक रात्र थांबायचं नोव्हेंबरमध्ये निघालं आणि विरलं. पण नंतर जी बुकिंग झाली त्यात ते बसतच नाही, ट्रेन थेट कुडाळपर्यंत, दोन्ही रात्री तारकर्लीत. म्हणजे कोणी न बोलताही नाकारलं गेलंय, आणि कारण म्हणून तेवढंच लिहायचं की नंतरच्या बुकिंगमध्ये जागा उरली नाही. याउलट स्कुबा विरलं, पण ते कुठल्याच बुकिंगच्या आड येत नाही, त्यामुळे ते अजून उघडंच आहे. म्हणजे प्रश्न असा विचारायचा: पक्कं झालेलं काही न मोडता हे अजून करता येतं का? येत असेल तर बाकी, नसेल तर नाकारलेलं.

बाकी निर्णय कसे लिहू म्हणजे लोक उत्तर देतील?

"गाडीचं बघायचंय" असं लिहिलं तर कोणी बघत नाही. प्रत्येक ओळीत एक माणूस, एक तारीख आणि शक्यतो दोनच पर्याय ठेवा. कुडाळ ते मालवण साधारण तीस किलोमीटर, नऊ माणसं आणि सामान, म्हणजे एक टेम्पो ट्रॅव्हलर किंवा दोन छोट्या गाड्या. चॅटमध्ये एसटी आणि रिक्षाही आल्या होत्या पण काका-काकू आणि बॅगा धरून त्या कोणी पुढे नेल्या नाहीत, तर सारांशात चारही पर्याय परत मांडू नका.

तारीख टाकताना ती कशामुळे आहे ते लिहा. ताईच्या परतीच्या वेटिंगला 20 जानेवारी लिहिली, कारण तोवर हललं नाही तर दुसऱ्या गाडीचं किंवा बसचं बघायला वेळ हवा, आणि तत्काळवर राहायचं असेल तर ते 25 तारखेलाच उघडणार, एसीचं सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला, आणि त्या वेळी आपण तारकर्लीला असू. तिथे कोण फोन घेऊन बसणार हेही आधीच ठरवावं लागतं.

आणि एकमेकांवर अडकलेले निर्णय दाखवा. किल्ल्यावर जायची वेळ ठरल्याशिवाय स्कुबाचा स्लॉट सांगता येत नाही, म्हणून स्कुबाच्या ओळीत "आधी किल्ल्याची वेळ" एवढं लिहिलं तरी पुरतं.

फोनवर ठरलेल्या गोष्टींचं काय?

त्या चॅटमध्ये नाहीत म्हणून सोडू नका, पण चॅटमध्ये असल्यासारख्याही लिहू नका. "फोनवर ठरलं, काकूंनी सांगितलं, ग्रुपवर लिहिलेलं नाही" असं स्पष्ट लिहायचं. पैशाची गोष्ट असेल तर ज्याला पैसे द्यायचेत त्याच्या स्वतःच्या तोंडून एकदा ग्रुपवर येऊ दे. दुसऱ्याच्या वतीने दिलेला होकार मी बाकीमध्येच ठेवते.

तयार सारांश कसा दिसतो?

साधारण असा. पीएनआर मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते ज्याच्या त्याच्याकडे वेगळे पाठवावेत.

मालवण ट्रिप, 11 जानेवारी रात्री 9 पर्यंतच्या मेसेजवरून. पीएनआर आज तपासलेत.

पक्कं:
जाताना तुतारी 11003, तिकिटाची तारीख शनि 24 जाने, दादर रात्री 12:05 (घरातून शुक्रवारी रात्री निघायचं), कुडाळला उतरायचं. सात कन्फर्म, ताईकडचे दोन आरएसी, जाता येईल पण बर्थ नक्की नाही.
येताना तुतारी 11004, सोम 26 जाने संध्याकाळी कुडाळहून, मंगळवारी पहाटे-सकाळी दादर. दादरचे चौघं आणि काका-काकू कन्फर्म.
होमस्टे तारकर्ली, 24 आणि 25 च्या रात्री, तीन खोल्या, एकूण 15000, ताईने 5000 दिलेत, 10000 पोचल्यावर.

नको ठरलं:
काकांची गाडी. नऊ जण मावत नाहीत, रात्रीचं ड्रायव्हिंग नको. विषय बंद.
जाताना कोकणकन्या. वेटिंग होतं, आता तुतारी कन्फर्म आहे.
एमटीडीसी. तीन खोल्या एकत्र नव्हत्या, आता ॲडव्हान्स दिलाय.
विमान. भाडं जास्त. गणपतीपुळे. बुकिंगमध्ये बसत नाही.

बाकी:
ताईच्या तिघांची परत यायची सोय, आत्ता वेटिंग. भावोजी, 20 जाने पर्यंत: वेटिंगवर थांबायचं की कोकणकन्या/बस बघायची.
ताईचं बोर्डिंग ठाणे करायचं का. ताई, 15 जाने.
कुडाळ-तारकर्ली गाडी, टेम्पो ट्रॅव्हलर की दोन गाड्या. दादरचे बाबा, 18 जाने.
सिंधुदुर्ग किल्ला रविवारी सकाळी की दुपारी. सगळे, 18 जाने. त्यानंतर स्कुबा कोण कोण करणार.
सोमवारी काकूंचं उपासाचं. मी होमस्टेला सांगते, काकू काय चालतं ते कळवतील.

कोणी म्हणालं "मी असं म्हटलंच नव्हतं" तर?

म्हणून प्रत्येक ओळीमागचा मेसेज मी स्टार करून ठेवते, दाखवायला वेळ लागत नाही. पण आधी हे बघा की त्या माणसाने नंतर मत बदललंय का. मेसेज पाठवल्यावर पंधरा मिनिटांत एडिटही करता येतो, त्यामुळे तुम्ही जे वाचलं होतं ते बदललेलं असू शकतं, आणि तसा मेसेज असेल तर त्यावर एडिट झाल्याची खूण दिसते. पैसे अडकलेले नसतील तर वाद न घालता ती ओळ बाकीमध्ये हलवा. पैसे अडकले असतील तर पक्क्यामध्येच राहू दे आणि रद्द केलं तर किती जातील ते पुढे लिहा, मग त्यांना ठरवता येतं.

सारांश टाकल्यावर बदल झाले तर तोच मेसेज एडिट करू?

पंधरा मिनिटांनंतर करताच येत नाही, आणि करता आलं असतं तरी नको, कारण आधीचं वाचलेल्यांना बदल कळत नाही. नवा मेसेज टाका, वर नवी तारीख, आणि पहिल्या ओळीत फक्त काय बदललं ते: "ताईचं बोर्डिंग ठाणे झालं, बाकी सगळं तेच". नवा मेसेज पिन करा, 30 दिवसांचा पर्याय आहे, आणि जुना अनपिन करा. ग्रुपला मेसेज आपोआप नाहीसे व्हायचं सेटिंग असेल तर सारांश स्वतःच्या फोनवर नोट्समध्येही ठेवा. आणि जे ग्रुप वाचत नाहीत, आमच्याकडे काका, त्यांना फोन करून फक्त त्यांच्या नावाच्या ओळी वाचून दाखवा आणि उत्तर आलं की तुम्हीच ग्रुपवर लिहा, "काकांशी बोलले, त्यांनी सांगितलं" असं म्हणून.

शेवटच्या आठवड्यात एक जण गळाला तर सारांशात काय काय हलतं?

समजा भावोजींना सुट्टी मिळाली नाही. नुसतं नऊचे आठ करून चालत नाही. पीएनआरवरून फक्त त्यांचं नाव रद्द करता येतं, पूर्ण तिकीट नको, आणि ते जितकं उशिरा कराल तितके पैसे जास्त कापले जातात. ताईच्या परतीच्या वेटिंगची ओळ त्यांच्या नावावर होती, ती ताईच्या नावावर टाकायची आणि दोनच जागा लिहायच्या. तीन खोल्या तशाच लागतील का ते होमस्टेला विचारायचं, म्हणजे जी ओळ पक्क्यात होती तिचा एक तुकडा तात्पुरता बाकीमध्ये येतो. आणि आठ जण झाले म्हणून कोणीतरी काकांची गाडी परत काढेल, तर तिथलं कारण एकदा वाचा: आठ जणही एका गाडीत मावत नाहीत आणि रात्रीच्या ड्रायव्हिंगचा मुद्दा तसाच आहे, ती ओळ हलवायची गरज नाही.